ई-बाजारपेठेतील विक्री-शीर्षक : शोधशब्दांची निवड आणि खोगीरभरतीचा दोष (कोल्हापुरी चपलेच्या संदर्भात)

सारांश

ई-बाजारपेठेत वस्तूची नोंद करताना विक्रेत्याला एका ओळीचे शीर्षक द्यावे लागते. ग्राहक ज्या शब्दांनी वस्तू शोधतो ते शब्द या ओळीत असणे आवश्यक असते. मात्र ते सर्वच्या सर्व तेथे भरले, तर ओळ वाचण्याजोगी राहत नाही. प्रस्तुत लेखात ॲमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावर विकल्या जाणाऱ्या हस्तनिर्मित कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊन शोधशब्द कसे गोळा करावेत, त्यांतील कोणते शीर्षकात ठेवावेत, उरलेल्यांची योग्य जागा कोणती आणि शीर्षकात बदल केल्यावर त्याचा परिणाम कसा तपासावा, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ई-बाजारपेठ, शीर्षक, शोधशब्द, कोल्हापुरी चप्पल, भौगोलिक मानांकन

१. प्रस्तावना

कोल्हापूरच्या बाजारात चप्पल घेण्यासाठी आलेला ग्राहक ती हातात घेतो, वाकवून पाहतो, तिचा वास घेतो, पायात घालून चार पावले चालतो. विक्रेत्याने काही सांगण्यापूर्वीच चामडे खरे की रेक्झिन, याचा अंदाज त्याला आलेला असतो. ई-बाजारपेठेत यांपैकी काहीच शक्य नसते. तेथे ग्राहकासमोर एक छायाचित्र, एक किंमत आणि एक शीर्षक असते, आणि तेही त्याने टाइप केलेल्या शब्दांशी जुळले तरच. त्यामुळे कारागिराची चामड्याची जोडी आणि कारखान्यातील कृत्रिम चामड्याची जोडी एकाच यादीत शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींची शीर्षके सारखीच गर्दीची असतील, तर ग्राहकाजवळ निवडीचा आधार म्हणून केवळ किंमत उरते. या स्पर्धेत हाताने केलेली वस्तू हरते.

म्हणून शीर्षकाला दोन वाचक असतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पहिला वाचक म्हणजे संकेतस्थळाचे शोधयंत्र आणि दुसरा म्हणजे प्रत्यक्ष ग्राहक. बहुसंख्य सदोष शीर्षके पहिल्या वाचकाला खूश करण्याच्या नादात दुसऱ्याला विसरलेली असतात. त्यातही विशेष हे की, अशा शीर्षकांनी पहिला वाचकही अधिक प्रसन्न होत नाही.

२. पुनरुक्तीचा उपयोग का होत नाही

शोधयंत्र शीर्षक वाचते ते वाक्य म्हणून नव्हे. ते शीर्षकातील शब्द सुटे करून त्यांची सूची तयार करते आणि ग्राहकाने टाइप केलेले शब्द त्या सूचीत आहेत किंवा नाहीत, हे पाहते. ‘कोल्हापुरी’ हा शब्द एकदा आला म्हणजे तो सूचीत आला. तो तिसऱ्यांदा लिहिल्याने वस्तू शोधासाठी तिप्पट पात्र ठरत नाही. तसेच ‘लेदर चप्पल’ आणि ‘कोल्हापुरी चप्पल’ या दोन्ही शोधांसाठी ‘चप्पल’ हा शब्द दोनदा लिहिण्याचे सामान्यतः कारण नसते. एकदाच आलेला शब्द वेगवेगळ्या शोधांत वेगवेगळ्या शब्दांबरोबर जुळू शकतो.

वस्तू यादीत येणे आणि ती यादीत वर येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शब्द जुळल्याने वस्तू यादीत येते. तिचे यादीतील स्थान मात्र ग्राहक तिच्यावर क्लिक करतात का आणि क्लिक केल्यानंतर खरेदी करतात का, यांसारख्या वर्तनावरही अवलंबून असते. वाचताना गोंधळात टाकणाऱ्या शीर्षकामुळे एक तर क्लिक येत नाहीत, किंवा चुकीच्या अपेक्षेने येतात आणि खरेदीविना परत जातात. म्हणजे शब्दांची खोगीरभरती ज्या हेतूने केली जाते, त्याच हेतूला ती बाधक ठरते.

ॲमेझॉनने २१ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या शीर्षकविषयक नियमांनी या दोषाला थेट हात घातला. त्या नियमांनुसार बहुतांश वर्गांत शीर्षक मोकळ्या जागांसह २०० अक्षरचिन्हांच्या आत असावे, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, डॉलरचिन्ह यांसारखी चिन्हे ब्रँडच्या नावाचा भाग नसल्यास वापरू नयेत आणि एकच शब्द दोनपेक्षा अधिक वेळा येऊ नये, असे ठरले. शब्दयोगी आणि उभयान्वयी स्वरूपाचे छोटे शब्द या शेवटच्या नियमातून वगळलेले होते. ही मर्यादा प्रत्येक बाजारपेठेची वेगळी असते. उदाहरणार्थ, ईबेवर शीर्षकाला ८० आणि एट्सीवर १४० अक्षरचिन्हांची जागा मिळते. वर्गानुसारही फरक पडतो आणि नियमांत बदल होत राहतात, म्हणून नोंद करण्यापूर्वी आपल्या वर्गाची चालू मार्गदर्शिका पाहणे इष्ट होय. परंतु कमाल मर्यादा म्हणजे गाठायचे उद्दिष्ट नव्हे. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, त्यामुळे जे सांगायलाच हवे ते पहिल्या सत्तर-ऐंशी चिन्हांत येणे श्रेयस्कर ठरते.

३. एका सदोष शीर्षकाचे परीक्षण

पुढील शीर्षक कोणा एका विक्रेत्याचे नाही, ते विवेचनासाठी रचलेले आहे. मात्र या धर्तीची शीर्षके पादत्राणांच्या विभागात सर्रास आढळतात.

```
Kolhapuri Chappal for Men Kolhapuri Slippers Men Leather Chappal Original Kolhapuri Sandals Gents Chappal Ethnic Footwear Best Quality Kolapuri Chappals for Wedding Kurta Pyjama Gift!!
```

या शीर्षकात २५ शब्द आणि १८४ अक्षरचिन्हे आहेत. लांबीच्या दृष्टीने ते २०० च्या मर्यादेत बसते, तरीही ते सदोष आहे. ‘कोल्हापुरी’ आणि ‘चप्पल’ हे शब्द प्रत्येकी तीन वेळा आले आहेत, शिवाय चपलेचे अनेकवचन आणि कोल्हापुरीचे चुकीचे स्पेलिंग यांची भर आहेच. ‘बेस्ट क्वालिटी’ ही माहिती नसून जाहिरात आहे. शेवटी दोन उद्गारचिन्हे आहेत.

परंतु नियमभंगापेक्षा मोठा दोष वेगळाच आहे. पंचवीस शब्द वाचूनही ग्राहकाला चपलेचा रंग कोणता, माप कोणते आणि ती हाताने केलेली आहे की यंत्राने, हे कळत नाही. ‘लेदर’ हा शब्द आहे, पण तो गर्दीत हरवलेला आहे. शीर्षकात खोगीरभरती झाली आहे काय, हे ओळखण्याची एक साधी कसोटी येथे सांगता येईल. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, ‘या शब्दाने ग्राहकाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते?’ असे विचारावे. ज्या शब्दाला उत्तर देता येत नाही, किंवा ज्याचे उत्तर आधीच्या शब्दाने दिलेले आहे, तो शब्द शीर्षकात अनाठायी होय. दुसरी कसोटी म्हणजे शीर्षक मोठ्याने वाचणे. समोरचा माणूस एकदा ऐकून वस्तू ओळखू शकत नसेल, तर शीर्षक पुन्हा लिहावे.

४. शोधशब्दांचे संकलन

योग्य शब्द निवडण्यापूर्वी ग्राहक प्रत्यक्षात कोणते शब्द वापरतात, हे पाहावे लागते. त्यासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नसते. संकेतस्थळाच्या शोधपेटीत `kolhapuri` एवढे टाइप करून थांबले, की खाली सूचनांची यादी उघडते. या सूचनांमध्ये ग्राहकांच्या शोधांचे प्रतिबिंब असते. त्यापुढे एकेक अक्षर जोडत गेल्यास नव्या सूचना मिळतात. हे करताना आपल्या खात्यातून बाहेर पडलेले बरे, कारण स्वतःच्या जुन्या शोधांचा प्रभाव सूचनांवर पडू शकतो. ज्या विक्रेत्याने संकेतस्थळावर जाहिरात दिली असेल, त्याला जाहिरातीच्या अहवालात ग्राहकांनी टाइप केलेले शब्द आणि त्यांतून झालेली विक्रीही पाहता येते. याखेरीज ग्राहकांचे अभिप्राय आणि प्रश्न हाही शब्दांचा चांगला साठा आहे. ‘खरे लेदर आहे का?’, ‘करकर आवाज येतो का?’ या प्रश्नांतून ग्राहकाची भाषा आणि त्याची शंका दोन्ही कळतात.

गोळा झालेल्या शब्दांची तीन गटांत विभागणी करणे सोयीचे ठरते. पहिल्या गटात वस्तूची ओळख करून देणारे शब्द येतात : कोल्हापुरी, चप्पल, पुरुषांसाठी. हे शब्द नसतील तर वस्तू सापडणारच नाही. दुसऱ्या गटात ही वस्तू शेजारच्या वस्तूपेक्षा वेगळी कशी, हे सांगणारे शब्द येतात : चामडे, हस्तनिर्मित, रंग, माप. तिसऱ्या गटात पर्यायी शब्द आणि प्रसंगदर्शक शब्द येतात : स्लिपर, सँडल, जेंट्स, लग्न, कुडता.

या विभागणीत एक अडचण उद्भवते. कारागिराची भाषा आणि ग्राहकाची भाषा नेहमी एक नसते. कारागीर ‘कापशी’ म्हणून एक घाट ओळखतो, तर परगावच्या ग्राहकाला तो शब्द ठाऊक नसतो. कारागिराच्या दृष्टीने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे हे वस्तूचे मर्म आहे, तर ग्राहक ‘प्युअर लेदर’ एवढेच टाइप करतो. अशा वेळी शोधासाठी ग्राहकाचा शब्द आणि विश्वासासाठी कारागिराचा शब्द अशी सांगड घालावी. `Vegetable-Tanned Leather` या पदसमूहात ती साधते. त्यातील ‘लेदर’ हा शब्द शोधाला जुळतो आणि आधीचे विशेषण जाणत्या ग्राहकाला चामडे कसे कमावले आहे ते सांगते. ‘कापशी’सारखा शब्द मात्र ती चप्पल खरोखरच त्या घाटाची असेल तर वर्णनात द्यावा. तो जाणून शोधणारे ग्राहक थोडे असले, तरी नेमके असतात.

५. शीर्षकाची पुनर्रचना

वरील विभागणीतील पहिला गट पूर्णपणे आणि दुसरा गट आवश्यक तेवढा घेतला असता पुढील शीर्षक तयार होते.

```
Kolhapuri Chappal for Men, Handmade Vegetable-Tanned Leather, Brown, UK 9
```

यात मोकळ्या जागांसह ७३ अक्षरचिन्हे आहेत. ब्रँडचे नाव असल्यास ते ॲमेझॉनच्या प्रथेप्रमाणे सर्वांत आधी येते. ते येथे गृहीत धरलेले नाही. शब्दांचा क्रम ग्राहकाच्या प्रश्नांच्या क्रमाने लावला आहे. ही वस्तू काय आहे, कोणासाठी आहे, कशाची व कशी केलेली आहे, कोणत्या रंगाची आणि कोणत्या मापाची आहे, या क्रमाने उत्तरे मिळत जातात. स्वल्पविरामांमुळे प्रत्येक उत्तर सुटे दिसते. एकही शब्द दोनदा आलेला नाही. तरीही ‘कोल्हापुरी चप्पल’, ‘लेदर चप्पल’, ‘हँडमेड कोल्हापुरी’, ‘ब्राऊन लेदर चप्पल’ अशा अनेक शोधांना लागणारे शब्द त्यात उपस्थित आहेत.

रंग आणि माप यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. एकच चप्पल अनेक मापांत असेल, तर या सर्वांची मिळून एक मूळ नोंद आणि प्रत्येक मापाची उपनोंद अशी रचना केली जाते. मूळ नोंदीच्या शीर्षकात रंग व माप देऊ नयेत, तेथे `Leather` या शब्दापाशीच थांबावे. म्हणजे शीर्षक ६० चिन्हांचे होते. उपनोंदीत मात्र ती विशिष्ट जोडी कोणती, हे कळण्यासाठी दोन्ही द्यावेत. शिवाय रंग, माप आणि साहित्य यांचे स्वतंत्र रकाने न चुकता भरावेत. ग्राहक डावीकडील गाळणीतून ‘लेदर’ निवडतो, तेव्हा शीर्षकापेक्षा तो रकाना महत्त्वाचा ठरतो. रकाना रिकामा राहिल्यास उत्तम शीर्षक असूनही वस्तू त्या यादीतून गळू शकते.

६. उरलेल्या शब्दांची जागा

तिसऱ्या गटातील शब्द टाकाऊ नसतात. त्यांची जागा मात्र शीर्षकात नसते. ॲमेझॉनवर ग्राहकाला न दिसणारा शोधशब्दांचा एक रकाना विक्रेत्यास उपलब्ध असतो. त्यात हे शब्द स्वल्पविरामाविना, केवळ मोकळी जागा सोडून लिहावेत.

```
slippers sandals gents ethnic footwear wedding kurta
```

शीर्षकात आलेले शब्द येथे पुन्हा लिहिण्याची गरज नसते. चुकीच्या स्पेलिंगविषयी निर्णय घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते स्वतः शोधपेटीत टाइप करून पाहणे. `kolapuri` लिहिल्यावरही कोल्हापुरी चपलाच समोर येत असतील, तर शोधयंत्र ती चूक आपोआप सुधारून घेत आहे, हे उघड होते.

या रकान्याची मर्यादा अक्षरांत नव्हे, तर बाइटमध्ये मोजली जाते. मराठी विक्रेत्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. प्रचलित यूटीएफ-८ संकेतप्रणालीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. येथे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तचिन्ह हीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे `kolhapuri chappal` यास १७ बाइट पुरतात, तर ‘कोल्हापुरी चप्पल’ यास मधली जागा धरून ४६ बाइट लागतात. वरील सात इंग्रजी शब्दांच्या ओळीला मिळून ५२ बाइट लागतात, यावरून प्रमाण लक्षात येईल. ॲमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावर २०२१ पासून मराठीचा पर्याय उपलब्ध झाला आहे आणि देवनागरीत शोधणारा ग्राहक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून देवनागरी शब्द अवश्य द्यावेत, मात्र वस्तूच्या मुख्य नावापुरतेच. लग्न, सण, भेट अशा प्रसंगांचे शब्द वर्णनाच्या वाक्यांत सहजपणे येऊ शकतात आणि तेथे ते खोगीरभरतीही वाटत नाहीत.

७. शब्दाची सत्यता

शोधशब्द म्हणून उपयुक्त असलेला शब्द वस्तूला लागू असेलच असे नाही. ‘कोल्हापुरी’ हा शब्द या दृष्टीने विशेष जबाबदारीचा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्यानुसार उत्पत्तिस्थानाविषयी ग्राहकाची दिशाभूल होईल अशा रीतीने नोंदणीकृत नाव वापरणे हा त्या नावाच्या हक्काचा भंग ठरतो. अन्यत्र यंत्रावर तयार झालेल्या कृत्रिम चामड्याच्या चपलेच्या शीर्षकात हा शब्द घातला, तर शोध वाढेल, पण तो शब्द खरा नसेल.

याच्या उलट टोकाचा प्रकार जून २०२५ मध्ये चर्चेत आला. प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाची पादत्राणे सादर केली. त्यांचे वर्णन चामड्याचे सँडल असे होते, कोल्हापुरीचा उल्लेख नव्हता. टीकेनंतर कंपनीने त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य केली. एकीकडे नाव अपात्र वस्तूला चिकटवले जाते, दुसरीकडे ते वगळले जाते. दोन्ही प्रसंगी नुकसान होते ते आठ जिल्ह्यांतील कारागिराचे. शीर्षकातील एका शब्दाचे मोल यावरून स्पष्ट होते.

हीच कसोटी इतर शब्दांनाही लावावी. चप्पल वाजत नसेल तर करकर आवाजाचा उल्लेख करू नये. वरचा पट्टा चामड्याचा आणि तळ कृत्रिम असेल, तर नुसते ‘लेदर’ लिहिणे अपुरे आहे. ‘ओरिजिनल’ हा शब्द मात्र कोणत्याच बाजूने उपयोगी नाही. तो खरा विक्रेताही लिहितो आणि खोटाही, म्हणून त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी चामडे कसे कमावले आहे, हे सांगणे अधिक विश्वासार्ह ठरते.

८. परिणामाची तपासणी

नवे शीर्षक लागू केल्यानंतर प्रथम ते शोधसूचीत आले आहे काय, हे पाहावे. ॲमेझॉनवर प्रत्येक वस्तूला दहा चिन्हांचा एक ओळखक्रमांक असतो. तो क्रमांक आणि हवा तो शब्द एकत्र शोधपेटीत लिहिल्यावर वस्तू दिसली, तर तो शब्द तिच्या नावे नोंदला गेला आहे असे समजावे. शीर्षकातून काढून अदृश्य रकान्यात ठेवलेल्या शब्दांची तपासणी विशेषतः अशा रीतीने करावी. वस्तू न दिसल्यास काही दिवसांनी पुन्हा पाहावे आणि तरीही न दिसल्यास तो शब्द वर्णनात आणावा.

त्यानंतर विक्रीच्या अहवालात नोंद पाहणाऱ्यांची संख्या आणि त्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण यांची आधीच्या तितक्याच कालावधीशी तुलना करावी. या काळात किंमत आणि छायाचित्र बदलू नये, अन्यथा फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. दिवाळी किंवा लग्नसराईच्या आठवड्यांची तुलना साध्या आठवड्यांशी करणेही दिशाभूल करणारे ठरते. पाहणारे किंचित कमी होऊन खरेदीचे प्रमाण वाढले, तर शीर्षकाने चुकीचे ग्राहक गाळले असे म्हणता येते. पाहणारे खूपच घटले, तर पहिल्या गटातील एखादा शब्द सुटला असण्याची शक्यता तपासावी. परत आलेल्या मालाची कारणेही वाचावीत. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण वारंवार येत असेल, तर शीर्षकातील एखादा शब्द वस्तूपेक्षा अधिक काही सांगत असण्याचा संभव आहे. मात्र माप चुकल्यामुळे आलेला माल या हिशेबात धरू नये. त्याचा उपाय मापांचा तक्ता हा आहे.

९. निष्कर्ष

विक्री-शीर्षकात प्रत्येक शब्दाला एकदाच काम असते. वस्तूची ओळख आणि तिचे वेगळेपण सांगणारे शब्द शीर्षकात, मोजता येणारे गुण स्वतंत्र रकान्यांत आणि पर्यायी शब्द अदृश्य रकान्यात किंवा वर्णनात, अशी विभागणी केल्यास एकही उपयुक्त शोधशब्द गमवावा लागत नाही आणि शीर्षकही वाचनीय राहते. प्रस्तुत उदाहरणात १८४ चिन्हांच्या जागी ७३ चिन्हे पुरली आणि त्यांतून ग्राहकाला अधिक माहिती मिळाली. शीर्षकामुळे कमी प्रतीची वस्तू चांगली होत नाही, किंवा अवाजवी किंमत वाजवी ठरत नाही. चांगल्या वस्तूला तिच्या खऱ्या नावाने ओळखता येणे, एवढेच शीर्षकाचे कार्य आहे. जेथे ग्राहक चामड्याला हात लावू शकत नाही, तेथे कारागिराच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरते.